सुपारीएवढी चिंच, न चाखलेली आमटी

मराठी पाकशास्त्रात मोजमापाच्या दोन पद्धती एकाच ओट्यावर नांदतात. डाळ, तांदूळ आणि साखर वाटीने मोजली जाते, तिखट-मीठ चमच्याने मोजले जाते, आणि चिंचेची वेळ आली की सगळी भांडी बाजूला सारून तिचे माप इतर फळांच्या साक्षीने सांगितले जाते. बोराएवढी, सुपारीएवढी, आवळ्याएवढी आणि लिंबाएवढी अशी ही चढती श्रेणी असून, तिच्यातील प्रत्येक पायरी ज्याने त्याने आपापल्या परसातील बोर, आवळा किंवा लिंबू डोळ्यांसमोर आणून ठरवायची असते. एका फळाचा आंबटपणा दुसऱ्या फळाच्या आकाराने सांगणारी ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या टिकली आहे. ती अचूक असल्यामुळे टिकली असे मात्र म्हणता येत नाही. चुकल्यावर दोष आपला की लिंबाचा हे कधीच सिद्ध होत नसल्यामुळे ती टिकली असावी.

या व्यवस्थेतील घोटाळा साध्या भूमितीने उघड होतो. गोळ्याचे आकारमान त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे व्यास थोडासा वाढला तरी आतला माल पुष्कळ वाढतो. ४ सेंटिमीटर व्यासाचे लिंबू आणि ५ सेंटिमीटर व्यासाचे लिंबू बाजारात एकाच ढिगात पडलेले असतात, दोघांनाही सर्व जण लिंबूच म्हणतात, आणि तरीही दुसऱ्याएवढा चिंचेचा गोळा पहिल्याएवढ्या गोळ्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. सुपारीची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण पूजेची सुपारी आणि पानात घालण्याची सुपारी या आकाराने एक नव्हेत. नृसिंहवाडीसारख्या दत्तक्षेत्रात, जिथे घरोघरी दोन्ही सुपाऱ्या हाताशी असतात, तिथे सुपारीएवढी चिंच या शब्दप्रयोगाचे किमान दोन पाठभेद संभवतात.

नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे गाव असून, नृसिंहसरस्वतींच्या १२ वर्षांच्या वास्तव्यामुळे ते दत्तसंप्रदायात राजधानीच्या मानाचे ठरले आहे. बाहेरगावच्या लोकांना वाडी माहीत असते ती बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी यांच्यामुळे, म्हणजे बहुतांशी गोडामुळे. आंबटाच्या अभ्यासासाठी या गावाची निवड त्यामुळे विचित्र वाटेल. परंतु चिंचेच्या प्रमाणाचा प्रश्न जितका निकडीचा वाडीतील स्वयंपाकघरात होतो तितका तो अन्यत्र होत नाही, आणि त्याचे कारण नैवेद्य हे आहे.

नैवेद्य म्हणजे देवाला दाखवण्यासाठी रांधलेले अन्न, आणि त्याचा पहिला नियम असा की देवाला दाखवण्यापूर्वी ते कोणीही चाखायचे नाही, कारण चाखलेले अन्न उष्टे ठरते. जगातील बहुतेक स्वयंपाकी चिंचेचे प्रमाण पळीने दोन थेंब तळहातावर घेऊन, जिभेला लावून आणि मान हलवून ठरवतात. नैवेद्याचा स्वयंपाक करणाऱ्याला मान हलवण्याची मुभा असते, जिभेची नसते. त्यातून वाडीत यात्रेकरूंच्या जेवणाची सोय घरगुती पद्धतीनेही होते, पौर्णिमेला पानांची संख्या ऐन वेळी वाढते, आणि कांदा-लसूण वर्ज्य असल्यामुळे आमटीत चूक झाकायला आडोसाही उरत नाही. डाळ, गोडा मसाला, गूळ आणि चिंच एवढ्याच मंडळींवर सगळा कारभार असल्यामुळे त्यांतील एकीचा तोल गेला की तो पहिल्या भुरक्याला कळतो.

परंपरेकडे मार्गदर्शन मागावे तर तीही या मुद्द्यावर मौन पाळते. गुरुचरित्राच्या १८व्या अध्यायात अमरापूरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आहे. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारातील घेवड्याच्या शेंगांवर त्याचे घर चालत असे, स्वामींनी त्याच्याकडे तीच भाजी ग्रहण केली आणि जाताना वेल उपटून टाकला, आणि पुढे त्या वेलाची मुळी खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. घेवडा दत्तभक्तांना प्रिय झाला तो या कथेमुळे. कथेत वेल आहे, शेंगा आहेत आणि कुंभही आहे. भाजीला आंबट काय लावले होते, आणि लावले असल्यास किती, याबद्दल मात्र काहीच हाती लागत नाही. तेव्हा हा प्रश्न भक्तीवर न सोपवता चिंचेच्या गोळ्यापासूनच सोडवायला घेणे भाग आहे.

बाजारात विटेसारखी दाबून मिळणारी किंवा घरच्या बरणीत गोळे करून भरलेली वाळवलेली चिंच हा एकजिनसी पदार्थ नाही, हे सर्वप्रथम ध्यानात घ्यावे लागते. फाल्गुन-चैत्रात झाडावरून उतरवलेली बुटके, म्हणजे चिंचेच्या अख्ख्या शेंगा, फोडून त्यांची टरफले काढली जातात, जमतील तेवढे चिंचोके वेगळे केले जातात, गर उन्हात वाळवला जातो, आणि टिकावा म्हणून पुष्कळदा त्याला मीठ लावून तो दाबून ठेवला जातो. परिणामी त्या विटेत गर तर असतोच, शिवाय गराला उभ्या धरून ठेवणाऱ्या चिवट शिरा असतात, चिंचोक्याभोवतीचे कातडी पापुद्रे असतात, नजर चुकवून राहिलेले चिंचोके आणि टरफलाचे तुकडे असतात, मीठ असते आणि हवेतून घेतलेले पाणी असते. लिंबाएवढा गोळा असे म्हणताना या सर्वांची मिळून एक मोट तोलली जात असते, आणि त्या मोटेतील आंबट काम करणारा भागीदार फक्त गर हा असतो.

पाण्याचा हिस्सा विशेष फसवा आहे. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे चैत्रात कोरडी ठणठणीत भरलेली चिंच आषाढ-श्रावणात, नदी घाटाच्या पायऱ्या चढू लागते त्या दिवसांत, बरणीत ओलसर आणि मऊ झालेली आढळते. अशा वेळी तोडलेला तेवढाच गोळा वजनाला तेवढाच भरतो, परंतु त्यात गर कमी आणि पावसाळा जास्त असतो. रंगही असाच दिशाभूल करतो. नवी चिंच तांबूस असते आणि जुनी होत जाईल तशी काळी पडते. काळ्या चिंचेची आमटी गडद दिसते, गडद आमटी पाहणाऱ्याला जास्त आंबट वाटते, आणि मग न चाखताच दोन खडे गूळ जास्त पडतो. डोळ्याने घेतलेली ही चव नैवेद्याच्या नियमात बसते खरी, पण तिचा आंबटपणाशी संबंध नसतो.

चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा असतो. वाळवलेल्या गरात ते साधारण ८ ते १८ टक्के असते, म्हणजे एका विटेतील चिंच दुसऱ्या विटेतल्या चिंचेच्या दुपटीहून आंबट निघू शकते, आणि दोन्ही विटांवर लिहिलेले नाव मात्र चिंच एवढेच असते. बहुतेक फळे पिकताना आंबटपणा सोडून गोडीकडे वळतात. चिंच पिकते तेव्हा तिच्यातील साखर वाढते, परंतु टार्टरिक आम्ल जागचे फारसे हलत नाही, त्यामुळे ती एकाच वेळी खूप गोड आणि खूप आंबट अशी राहते. गाभुळलेली चिंच, म्हणजे धड कच्ची नाही आणि धड पिकली नाही अशी, शाळेच्या वाटेवर सर्व पिढ्यांना का आवडली, याचे शास्त्रीय उत्तर येथे आहे. अरबांनी तिला हिंदी खजूर या अर्थाचे नाव दिले, तिचे मूळ मात्र आफ्रिकेतील मानले जाते. स्वभावाप्रमाणेच तिच्या नावगावातही दोन्हीकडून बोलण्याची सोय आहे.

यावरून असे दिसते की गोळा हे आंबटपणाचे माप होऊ शकत नाही, ते माप कोळाचेच असू शकते. कोळ म्हणजे भिजवलेली चिंच पाण्यात कुस्करून, चोथा वेगळा करून उरलेला दाट द्रव, आणि ही क्रिया म्हणजे कोळणे. मराठीने या एका कामासाठी स्वतंत्र क्रियापद राखून ठेवले आहे, यावरूनच ते काम चमच्याने ढवळण्याइतके सोपे नाही हे कळावे.

कोळण्याची रीत अशी आहे. विटेतून हवा तेवढा तुकडा तोडून तो बोटांनी सैल करावा लागतो, कारण दाबलेला गोळा तसाच पाण्यात टाकला तर बाहेरून विरघळतो आणि आतून कोरडा राहतो. त्यावर कोमट पाणी घालून तो १५ ते २० मिनिटे ठेवला जातो. पाणी गार असल्यास वेळ वाढतो, एवढाच फरक पडतो. पाणी खळखळ उकळते असल्यास मात्र चिंचोक्याच्या सालीतील आणि टरफलाच्या तुकड्यांतील तुरटपणाही कोळात अधिक उतरतो. मग अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये गर चोळला जातो. येथे चमचा निरुपयोगी ठरतो, कारण शीर कोणती, पापुद्रा कोणता आणि गर अजून कुठे चिकटून राहिला आहे हे फक्त बोटांना कळते. गर सुटला की शिरा दोऱ्यासारख्या हाताला लागतात आणि पापुद्रे गुळगुळीत लागतात. बोटांना बुळबुळीत आणि दाट असे काही लागत असेल तर काम अपुरे आहे असे समजावे.

घाईच्या घरात हे काम मिक्सरवर सोपवले जाते, आणि त्याचे परिणाम शिरोळ तालुक्याच्या शेजारच्या उद्योगाशी जोडलेले आहेत. चिंचोक्याच्या गाभ्यात पाण्यात शिजल्यावर दाट होणारा एक पिष्टासारखा पदार्थ असतो. त्याच गुणामुळे चिंचोक्याची खळ सुताला ताठपणा आणण्यासाठी वापरली जाते, आणि धनगरी घोंगडी विणणाऱ्यांपासून कापडधंद्यापर्यंत तिची ओळख आहे. इचलकरंजीचे माग नृसिंहवाडीपासून दूर नाहीत. मिक्सरमध्ये नजरचुकीने गेलेला चिंचोका आधी पात्याशी भांडतो, हरला तर त्याची साल कोळाला तुरट करते आणि गाभा आमटीला दाट करतो. असा कोळ घातलेली आमटी खाण्यापेक्षा मागावर चढवणे अधिक योग्य असते, परंतु तोपर्यंत पाने मांडून झालेली असतात.

आता एका प्रत्यक्ष हिशेबाकडे वळता येईल. १२ पानांसाठी आमटी करायची आहे, माणशी २०० मिलिलिटर धरले आहेत, म्हणजे तयार आमटी २.४ लिटर होणार आहे. तिला ३०० ग्रॅम तुरीची डाळ आणि ३० ग्रॅम वाळवलेली चिंच घेतली आहे. चिंचेवर आधी १०० मिलिलिटर कोमट पाणी घातले, कोळून पिळले, तर हाताने कितीही पिळले तरी चोथा काही पाणी धरून ठेवतो. ते ३० मिलिलिटर धरले, तर ७० मिलिलिटर कोळ वाटीत आला आणि विरघळलेल्या आंबटपणाचा ३० टक्के हिस्सा चोथ्यात राहिला. त्याच चोथ्यावर आणखी ५० मिलिलिटर पाणी घालून पुन्हा कोळले, की चोथ्यातील ३० आणि नवे ५० मिळून ८० मिलिलिटर होतात, त्यातले ५० बाहेर येतात आणि ३० मागे राहतात. आता चोथ्यात उरला तो मूळ आंबटपणाच्या सुमारे ११ टक्के. एकूण पाणी १५० मिलिलिटर लागले आणि एकूण कोळ १२० मिलिलिटर मिळाला.

हेच १५० मिलिलिटर पाणी एकदम घालून एकदाच कोळले असते, तरीही कोळ १२० मिलिलिटरच मिळाला असता, परंतु चोथ्यात २० टक्के आंबटपणा राहिला असता. पाणी तेवढेच, चिंच तीच, वाटीतील कोळाची पातळीही तीच. फरक एवढाच की एका बाबतीत हात दोनदा चालला आणि दुसऱ्या बाबतीत एकदा. पहिले पाणी आणि दुसरे पाणी असा भेद करणाऱ्या जुन्या बायकांनी हा अपूर्णांकांचा हिशेब कधी कागदावर मांडला नाही, आणि मांडण्याची गरजही नव्हती, कारण चोथा जिभेवर ठेवून तो किती आंबट उरला हे त्यांना कळत असे. चोथा नैवेद्यात जात नसल्यामुळे तो चाखायला कोणाची हरकत नसते, ही या शास्त्रातील एक मोठी सोय आहे.

दोन्ही पाणी एकत्र करून गाळले की १२० मिलिलिटर कोळ, म्हणजे १२ पानांना माणशी १० मिलिलिटर, म्हणजेच चहाचे दोन चमचे, असे सुटसुटीत माप हाती येते. येथून पुढे सुपारी, आवळा आणि लिंबू यांना सन्मानाने निरोप देता येतो. परंतु त्याआधी एक काम राहते, आणि ते चिंच घरात आली त्या दिवशी, नैवेद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या निवांत दुपारी करायचे असते. नव्या विटेतील थोडी चिंच याच प्रमाणात, म्हणजे चिंचेच्या पाचपट पाण्यात दोनदा कोळून, त्या कोळाचे दोन चमचे एक पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर गरम पाण्यात घालायचे, चिमूटभर मीठ टाकायचे आणि ते चाखायचे. कोळ तसाच जिभेवर ठेवून काही कळत नाही, कारण त्या तीव्रतेला सर्वच चिंचा डोळे मिटायला लावतात. पानात पडणाऱ्या आमटीइतका तो पातळ केला की मगच एका विटेचा दुसरीशी असलेला फरक समजतो. तोंड नुसते खुलले तर माणशी दोन चमचे हे माप त्या विटेला लागू आहे. दात आंबले तर दीड चमचा, आणि काहीच घडले नाही तर अडीच. हा आकडा बरणीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवला की ती वीट संपेपर्यंत चाखण्याचे काम एकदाच झालेले असते. चाखायचेच नाही असा नियम असेल, तर आधीच चाखून ठेवणे हा नियम न मोडणारा मार्ग आहे.

कोळ कधी घालायचा हा प्रश्न किती घालायचा या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. आम्लाच्या सान्निध्यात डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य लवकर सैल पडत नाही, त्यामुळे चिंच डाळीबरोबर कुकरात घातली तर शिट्ट्या होतात, गॅस जळतो आणि डाळ मात्र दाताखाली येत राहते. कृष्णाकाठची वांगी लवकर शिजण्याबद्दल नावाजलेली आहेत, परंतु मसाल्यात आधीच भरपूर कोळ कालवून ती भरली तर तीही आपला लौकिक विसरून कडक राहतात. म्हणून डाळ पूर्ण शिजून, घोटून, एकजीव झाल्यावर तिच्यात कोळ जातो. आधी मीठ, मग कोळ, मग उकळी, आणि गूळ सगळ्यात शेवटी, हा क्रम त्यामागच्या कारणासह पाळावा लागतो. मीठ आधी, पण जरा हात आखडून, कारण चिंचेने आपले मीठ बरोबर आणलेले असते. कोळ घातल्यावर पाच-सात मिनिटे उकळी, कारण कच्च्या कोळाला एक उग्र, ओलसर वास असतो आणि तो गेला की आमटीचा वास एकसंध होतो; नैवेद्याच्या स्वयंपाकात नाक चालते, आणि हा वास बदलणे हीच काम झाल्याची खूण असते.

उकळीविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आमटी फार आंबट झाली तर जास्त उकळावी म्हणजे आंबटपणा उडून जाईल, असे सांगणारे लोक प्रत्येक पंगतीत भेटतात. टार्टरिक आम्ल वाफेबरोबर उडत नाही. उडते ते पाणी. परिणामी २.४ लिटर आमटी आटून २ लिटर झाली की तोच आंबटपणा कमी जागेत दाटीवाटीने बसतो आणि आमटी अधिक आंबट होते. याच कारणाने १२ पानांचा हिशेब ४० पानांना लावताना डाळीचा हंडा भरला किती यापेक्षा उकळून शेवटी उरणार किती यावर कोळ मोजावा लागतो. मोठा हंडा त्याच्या मानाने कमी आटतो, म्हणून छोट्या पातेल्यात जमलेली आंबटगोडी हंड्यात जरा फिकी वाटू शकते.

गुळाविषयीचा गैरसमज याहून गोड आहे. कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक मोठा असला तरी तो आम्लाला नाहीसे करत नाही. तो जिभेचे लक्ष दुसरीकडे वळवतो. आंबट आहे तेवढेच राहते, फक्त ते जाणवणे कमी होते, जसे मुंजीच्या घरात सनई जोरात वाजू लागली की भांडण थांबते असे नव्हे, ते ऐकू येत नाही. म्हणून गूळ घालून झाल्यावर आंबटपणा ठरवायला बसणे व्यर्थ असते. १२ पानांना ४० ग्रॅम गूळ हे वाडीच्या वळणाचे माप धरता येईल, आणि त्यावर आणखी गूळ लागला तर दोष गुळाचा नसून कोळाचा असतो. खायचा सोडा चिमूटभर टाकला तर आम्ल खरोखरच मरते, आमटी क्षणभर फेसाळते, आणि नंतर साबणाच्या आठवणीची चव देते. बटाटा सोडून आंबटपणा शोषून घेण्याचा उपायही सुचवला जातो. बटाटा रस पितो तो सगळा सारखाच पितो, त्यातले आंबट तेवढे निवडून पिण्याइतका तो चोखंदळ नाही. खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे डाळ वाढवणे. म्हणजेच चूक दुरुस्त करायची तर पाहुणे वाढवावे लागतात, आणि वाडीत पौर्णिमेला ते फारसे अवघड नसते.

चिंच घालता येते, काढता येत नाही, या एका वाक्यात आतापर्यंतचे सर्व शास्त्र सामावते, आणि नैवेद्याच्या कोड्याचे उत्तरही त्यातूनच निघते. मोजलेल्या १२० मिलिलिटर कोळापैकी ९० मिलिलिटर आमटीत घालायचा आणि ३० मिलिलिटर वाटीत झाकून ठेवायचा. नैवेद्य वाढून निघाला, दाखवून झाला आणि ताट परत आले की उरलेल्या आमटीवरचा नियम उठतो. मग चाखून, लागेल तेवढा राखीव कोळ घालून, आणखी एक उकळी देऊन ती पंगतीला वाढायची. यात देवाच्या वाट्याला पाऊणपट आंबट आमटी येते असा आक्षेप निघू शकतो. परंतु देव भावाचा भुकेला असतो, असे सर्व परंपरा एकमुखाने सांगतात, आणि आजवर नैवेद्याचे कोणतेही ताट चिंच कमी आहे या कारणाने परत आल्याचे ऐकिवात नाही. यात्रेकरू भावाचा भुकेला असतोच, त्याशिवाय तो नुसता भुकेलाही असतो, आणि त्याच्याबाबतीत असा विश्वास ठेवता येत नाही. कोल्हापूरकडचा, पुण्याकडचा आणि नदीपलीकडच्या कन्नड मुलखातला असे तीन पाहुणे एका पंगतीला बसले तर त्यांच्या जिभांचा मध्य काढणे गणिताने शक्य आहे, व्यवहारात नाही. कानडीत तर हुळी हा शब्द आंबट या चवीलाही आहे आणि चिंच घातलेल्या डाळीच्या कालवणालाही आहे, तेव्हा आमटी आंबट झाली ही त्या पाहुण्याच्या दृष्टीने तक्रार की नुसता जेवणाचा पुकारा, हे वाढणाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

आमटी पानात पडल्यावरही चिंचेचे काम संपत नाही. पत्रावळीवर बासुंदी वाटीविना वाढली गेली असेल, तर भाताच्या आळ्यातून सुटलेली आमटी तिच्याकडे सरकू लागते. दुधातील प्रथिने पुरेशा आम्लात गोठतात, त्यामुळे आमटीचा ओघळ बासुंदीला भेटला की त्या काठावर दुधाचे बारीक कण दिसू लागतात. महापुरात पादुकांच्या उत्तरेकडून आत आलेले पाणी दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा वाडीत त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक स्नानाला धावतात. पत्रावळीवरच्या या पुराला मात्र कोणी सोहळा म्हणत नाही, सगळे भाताचा बांध घालायला धावतात. दोन नद्यांचा संगम पवित्र असतो, दोन पदार्थांचा तसा असेलच असे नाही.

पंगत उठल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात सकाळचा चोथा पडलेला असतो. पितळी पातेल्याची कल्हई, म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर, उडालेली असेल तर हीच चिंच धातू विरघळवते, आमटी कळकते, म्हणजे तिला धातूची घाणेरडी चव येते, आणि ती टाकून द्यावी लागते. म्हणून स्वयंपाकात चिंच आणि उघडे पितळ यांना दूर ठेवले जाते. आता मात्र त्यांची मुद्दाम गाठ घालून दिली जाते. चोथ्यावर चिमूटभर मीठ घेऊन तो ताम्हनावर, पळी-पंचपात्रीवर आणि नैवेद्याच्या वाटीवर घासला जातो, काळवंडलेला थर आम्लात सुटतो आणि खालचे पितळ उजळून निघते. दोनदा कोळूनही जो ११ टक्के आंबटपणा हिशेबातून निसटला होता तो असा देवघरात रुजू होतो, आणि तेथे तो जास्त झाला की कमी, हे कोणीही चाखून पाहत नाही.